कुरूप, तीन पाय, उलटं चालणं

अलीबाबाने फेब्रुवारी 2025मध्ये ‘वान 2.1’ हे व्हिडिओ बनवणारं मॉडेल खुलं केलं. त्याच्या कोडमध्ये एक यादी आहे. मूळ चिनी भाषेत आहे, आणि बहुतेक जण ती न वाचताच वापरतात. मी एका संध्याकाळी ती शब्दशः लावून पाहिली. त्यातले बहुतेक शब्द असे. भडक रंग, जास्त उजेड, स्थिर, अस्पष्ट तपशील, सबटायटल्स, शैली, कलाकृती, चित्र, पुन्हा स्थिर, एकंदर करडेपणा, सर्वांत वाईट दर्जा, जेपेगचे डाग, कुरूप, अपूर्ण, जादा बोटं, नीट न काढलेले हात, नीट न काढलेला चेहरा, विद्रूप, चिकटलेली बोटं, हलत नाही असं दृश्य, पसारा असलेली पार्श्वभूमी, तीन पाय, मागे खूप माणसं, उलटं चालणं.

ही त्या मॉडेलची तयार निगेटिव्ह प्रॉम्प्ट. व्हिडिओत काय नको ते सांगणारी यादी. शेवटचे तीन-चार शब्द वाचताना हसू येतं, पण प्रत्येक शब्दामागे कुणीतरी बिघडलेला व्हिडिओ पाहिलेला असणार. तीन पायांचा माणूस दिसला असेल, मग ‘तीन पाय’ लिहिलं. कुणी पाठमोरं चालत गेलं असेल, मग तेही लिहिलं. दुसऱ्या कुणाच्या तरी त्रासांची ही वही आहे, आणि आपण ती आपली म्हणून चालवतो. मूळ कोडमध्ये तर आपण काहीच न लिहिता जागा रिकामी सोडली, तरी तिथे हीच यादी आपोआप भरली जाते. म्हणजे ‘मी निगेटिव्ह वापरतच नाही’ असं म्हणणारा माणूसही ती वापरत असतो.

मी ती वाचायला घेतली त्याचं कारण एक आजी. माझी एक मैत्रीण कोकणातल्या गोष्टी आवाजात रेकॉर्ड करते. त्यांतल्या एका गोष्टीला मागे चालणारी दृश्यं हवी होती. चित्रीकरणाला पैसे नव्हते, म्हणून गोष्टीच्या सुरुवातीलाच ‘दृश्यं संगणकाने तयार केलेली आहेत’ असं लिहायचं ठरवून आम्ही हा मार्ग धरला. पहिलंच दृश्य साधं होतं. पावसाळी सकाळ, खळ्यात बसलेली म्हातारी, हातात सूप, तांदूळ पाखडते आहे. पाच सेकंद. कॅमेरा हलायचा नाही.

माझ्याकडच्या ग्राफिक्स कार्डावर वानचं लहान, 1.3 अब्ज पॅरामीटरचं रूप चालतं. त्याला सव्वाआठ जीबीच्या आसपास मेमरी पुरते. चित्र 832 बाय 480, सेकंदाला 16 फ्रेम, एकूण 81 फ्रेम. मी तपशीलवार प्रॉम्प्ट लिहिली, यादी होती तशी ठेवली, आणि व्हिडिओ मैत्रिणीला पाठवला. तिचा फोन आला. “अगं, ही आजी नाही. ही आजीचं काम करणारी नटी आहे. केस तेवढे पांढरे केलेत.”

खरंच तसं होतं. कपाळ गुळगुळीत, गाल भरलेले, गळ्याला एकही वळी नाही. प्रॉम्प्टमध्ये सुरकुत्या लिहिलेल्या होत्या. बोटं सुपाच्या काठात विरघळत होती. वर उडालेले तांदूळ खाली येताना धूर होत होते. आणि मागची जांभ्याची भिंत संथपणे सळसळत होती, जणू तिच्यावरून मुंग्यांची रांग चालली आहे. चार दोष. मला वाटलं होतं की चारही दोषांसाठी निगेटिव्हमध्ये चार शब्द वाढवले की झालं. पण चारांचं कारण एक नव्हतं, आणि यादीतल्या शब्दांनी सुटण्यासारखा त्यांतला एकच होता.

आधी हा नकार आत नेमकं काय करतो ते सांगते, कारण ते कळलं की निम्मे प्रश्न पडतच नाहीत. अशी मॉडेलं नुसत्या गोंधळापासून, रँडम ठिपक्यांपासून सुरुवात करतात आणि पायरीपायरीने तो गोंधळ साफ करत चित्र काढतात. प्रत्येक पायरीला मॉडेल दोनदा चालतं. एकदा आपली प्रॉम्प्ट वाचून ‘साफ करायची दिशा कोणती’ ते सांगतं, एकदा निगेटिव्ह यादी वाचून. मग या दोन उत्तरांचा हिशेब होतो. वानच्या कोडमधली ओळ अशी आहे:

```
noise_pred = noise_pred_uncond + guide_scale * (noise_pred_cond - noise_pred_uncond)
```

`cond` म्हणजे हवं ते, `uncond` म्हणजे नको ते. मुळात ‘नको’च्या जागी कोरी प्रॉम्प्ट असायची, ती काढून तिथे यादी बसवायची युक्ती 2022च्या सुमारास स्थिरचित्रांच्या मॉडेलांसोबत रूढ झाली. `guide_scale`, म्हणजे गायडन्स, हा लहान मॉडेलसाठी 6 सुचवलेला आहे. सहा घालून कंस सोडवला तर उत्तर येतं: हवं ते सहा वेळा, वजा नको ते पाच वेळा. म्हणजे यादीतला शब्द ही सौम्य सूचना नाही. तो पाचपट वजा होतो, प्रत्येक पायरीला, व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेममध्ये.

यातूनच कळतं की ‘नाही’ हा शब्द मूळ प्रॉम्प्टमध्ये का लिहू नये. ‘छत्री नाही’ असं वर लिहिलं तर छत्री उलट येण्याचीच शक्यता जास्त, कारण मॉडेल ज्या वर्णनांवर शिकलं त्यांत असलेल्या गोष्टींची वर्णनं होती. नसलेल्या गोष्टी कोण लिहितं? आणि खालच्या यादीत ‘छत्री नको’ लिहिलं तर ‘नको’ला तिथे काही काम नाही, कारण वजाबाकी आधीच ठरलेली आहे. तिथे नुसती नामं द्यायची: छत्री. गुगलच्या व्हिओ या व्हिडिओ मॉडेलच्या माहितीपत्रातही हेच सांगितलंय, ‘नको’, ‘करू नका’ असली भाषा टाळा, जे नको त्याचं फक्त वर्णन करा.

आता आजीचा चेहरा. यादीत ‘कुरूप’ आहे, ‘विद्रूप’ आहे, ‘नीट न काढलेला चेहरा’ आहे. मॉडेलला कुरूप म्हणजे काय ते कुठून कळलं? माणसांनी चित्रांना जोडलेल्या शब्दांतून. त्या शब्दांत म्हातारपण, खोल सुरकुत्या, पडलेले दात हे सगळं ‘कुरूप’च्या आसपास राहत असणार. वर मी सुरकुत्या सहापट मागत होते आणि खाली त्यांच्या शेजाऱ्यांना पाचपट हाकलत होते. हिशेबात आजी तरुण झाली. मी तोच सीड ठेवला, म्हणजे सुरुवातीचे रँडम ठिपके तेच ठेवले, यादीतून हे चेहऱ्याचे शब्द तेवढे काढले, आणि व्हिडिओ पुन्हा काढला. कपाळावर आठ्या आल्या. तोंडाभोवती रेषा आल्या. नाक जरा बसकं झालं. मैत्रीण म्हणाली, “हां, आता ही कुणाची तरी आजी आहे.”

मला ही गोष्ट बरेच दिवस टोचत राहिली. दोष घालवायचा म्हणून लिहिलेल्या शब्दाने माणसाचं वय पुसलं. ‘अपूर्ण’ हा त्या यादीतला शब्द घ्या. ज्याचा हात यंत्रात गेला आहे अशा माणसाचं दृश्य ही यादी ठेवून कसं काढणार? किंवा पहिलाच शब्द, ‘भडक रंग’. गायडन्स वाढवला की रंग पेटतात हे खरं आहे, म्हणून तो शब्द तिथे आला असावा. पण आपल्याकडच्या लग्नातला हळदीचा पिवळा, हिरवा चुडा, गुलाबी नऊवारी हे सगळं त्याच शब्दाखाली फिकं पडणार. ‘शैली’ आणि ‘चित्र’ हे शब्द तर वारली शैलीतली हलती चित्रं करू पाहणाऱ्याच्या मुळावरच येतात. आणि ‘एकंदर करडेपणा’ ठेवून कोकणातला आषाढ कसा काढायचा, ते मला कुणी सांगावं.

‘स्थिर’ हा शब्द त्या यादीत निरनिराळ्या रूपांत तीनदा आहे. तो असायला कारण आहे. व्हिडिओची मॉडेलं स्थिरचित्रांवरही शिकलेली असतात, त्यामुळे ती अधूनमधून आळशीपणा करून पाच सेकंद एकच फोटो दाखवतात. पण मला कॅमेरा तिवईवर हवा होता. वर ‘स्थिर कॅमेरा’, खाली तीनदा ‘स्थिर’. परिणाम असा की आजी जागेवर बसून बोटीत बसल्यासारखी डुलत होती आणि भिंत हळूच डावीकडे सरकत होती. तिन्ही काढले, त्यांच्याऐवजी ‘गोठलेली फ्रेम’ आणि ‘स्थिरचित्र’ असे नेमके शब्द टाकले, आणि हालचाल वरच्या प्रॉम्प्टमध्ये क्रियापद घालून मागितली. डुलणं थांबलं. हात तेवढा हलत राहिला.

इथपर्यंत शब्दांचा खेळ. बोटं आणि तांदूळ मात्र शब्दांना दाद देत नव्हते. ‘चिकटलेली बोटं’, ‘जादा बोटं’, ‘विचित्र हात’ असं जितकं लिहीत गेले, तितके आजीचे हात सुपामागे लपत गेले. ते साहजिकच होतं. हातांविषयीचे इतके शब्द वजा केल्यावर हातच वजा होऊ लागतात. वाईट हात नको याचा सोपा मार्ग म्हणजे हातच नको.

खरं कारण मापात होतं. हे मॉडेल पिक्सेलवर काम करत नाही. आधी व्हिडिओ आटवला जातो: 8 बाय 8 पिक्सेलचा चौकोन आणि सलग चार फ्रेम मिळून एक खण. त्या खणात मुळात 768 आकडे असतात, लाल-हिरवा-निळा धरून. आटवल्यावर उरतात 16. मॉडेल जे काही रचतं ते या सोळा-सोळा आकड्यांच्या खणांत, आणि शेवटी त्यांतून पुन्हा पिक्सेल फुलवले जातात. माझ्या दृश्यात खळं दिसत होतं, मागची भिंत, वरची पागोळी, मध्ये बसलेली आजी. तिची उंची चित्रात दीडशे पिक्सेल भरत होती. त्या मापाने तिचं बोट जेमतेम तीन पिक्सेल जाड. म्हणजे एका खणात दोन बोटं, सुपाची कड आणि त्यांच्यातली फट, आणि पाव सेकंदात हे सगळं हलतंय. सोळा आकड्यांनी हे सारं वेगवेगळं कसं धरून ठेवावं? ती विरघळणारच. तिथे ‘चिकटलेली बोटं नको’ म्हणणं म्हणजे लहान भिंगातून वाचता येत नसलेल्या अक्षरांना रागावणं.

उपाय एकच, बोट मोठं करा. मी दृश्य दोन शॉटमध्ये तोडलं. एकात आजीचा चेहरा आणि खांदे, हात चौकटीबाहेर. दुसऱ्यात फक्त सूप आणि हात, साधारण फूटभर जागा चित्राच्या पूर्ण उंचीत. आता बोट चोवीस-पंचवीस पिक्सेल जाड झालं, म्हणजे तीन खण रुंद. त्या शॉटच्या यादीत हातांविषयी दोनच शब्द ठेवले आणि ते आता खरोखर कामाला आले, कारण बोटांमधली फट काढायला मॉडेलकडे जागा होती.

पण तांदळाचा दाणा याही मापाला लांबीत दहा पिक्सेल, जाडीत तीन. रास म्हणून तो दिसतो, पोत म्हणून छान दिसतो, पण हवेत उडालेला सुटा दाणा चार फ्रेममध्ये इतका सरकतो की त्याची रेघ होते, रेघांचा धूर होतो. इथे मात्र आम्हाला कृतीच बदलावी लागली. पाखडणं सोडलं, निवडणं घेतलं. आजी आता संथपणे बोटाने दाणे बाजूला सारते, एखादा खडा उचलते. मैत्रिणीला हे पटायला वेळ लागला. गोष्टीत ‘पाखडत होती’ असं आहे, म्हणाली. मी म्हटलं, पाखडण्याचा आवाज ठेव, चित्रात निवडू दे. पाखडून झाल्यावर माणूस निवडतोच की.

भिंतीचं सळसळणं ओळखायला डोळ्यांवर विसंबू नये, डोळा आजीकडे जातो. एक सोपी चाचणी आहे. ffmpeg या व्हिडिओच्या साधनाने लागोपाठच्या दोन फ्रेमची वजाबाकी करून तिचाच व्हिडिओ बनवायचा:

```
ffmpeg -i soop.mp4 -vf "format=gbrp,tblend=all_mode=difference" -pix_fmt yuv420p farak.mp4
```

सुरुवातीचं `format=gbrp` घातलं नाही तर काळ्याऐवजी सगळं हिरवं दिसतं आणि माणूस घाबरतो. कॅमेरा स्थिर असेल तर जे हलत नाही ते या व्हिडिओत काळं दिसायला हवं. माझ्या पहिल्या दृश्यात आजीपेक्षा भिंतच जास्त चमकत होती. जांभ्याचा पृष्ठभाग म्हणजे बारीक भोकंच भोकं, आणि प्रत्येक भोक एका खणाहून लहान. मॉडेल दर वेळी ती थोडी वेगळी कल्पते. ‘फ्लिकर’ हा शब्द निगेटिव्हमध्ये टाकून फरकाचा व्हिडिओ पुन्हा पाहिला, चमक तेवढीच. मग वरच्या प्रॉम्प्टमध्ये भिंत मातीची केली, दूर नेली, फोकसबाहेर टाकली. भिंत काळी पडली. याच कारणासाठी ‘फिल्मसारखी ग्रेन’ ही लाडकी मागणीही मी काढून टाकली. ग्रेन म्हणजे दर फ्रेमला नवा, पिक्सेलएवढा ठिपका; चार-चार फ्रेम एकत्र आटवणाऱ्या यंत्राकडून तो मागितला की ठिपके कातडीवरून रांगायला लागतात. ग्रेन हवीच असेल तर शेवटी एडिटिंगमध्ये घालावी, फुकट मिळते.

शेवटी चेहऱ्याच्या शॉटसाठी जे उरलं ते इतकंच:

```
Medium close-up, tripod shot, eye level. An elderly Indian woman with a deeply wrinkled face looks down and slowly turns her head. Plain mud wall far behind her, out of focus. Soft overcast daylight, muted colours.

Negative: subtitles, watermark, overexposed, camera shake, freeze frame, still photograph, extra person, smooth plastic skin
```

यातला ‘वॉटरमार्क’ मी सवयीने ठेवलाय, पण त्याच्यावर माझा फारसा विश्वास नाही. 2023मध्ये मॉडेलस्कोपचं व्हिडिओ मॉडेल आलं तेव्हा त्याच्या बहुतेक व्हिडिओंवर शटरस्टॉकचा शिक्का पुसट उमटायचा. ते वेबव्हिड नावाच्या संग्रहावर शिकलं होतं आणि त्या संग्रहातले व्हिडिओ शटरस्टॉकचे शिक्का असलेले नमुने होते. वर्णनांमध्ये शिक्क्याचा उल्लेख नव्हता, कारण वर्णन लिहिणारा कशाला शिक्क्याचं वर्णन करील? मग ‘वॉटरमार्क’ हा शब्द वजा करून काय वजा होणार? शिक्का ‘हवं’ बाजूलाही तितकाच आणि ‘नको’ बाजूलाही तितकाच. फरक काढला की तो फरकात येतच नाही. ज्या दोषाला शिकताना नाव मिळालं नाही, त्याला नावाने हाकलता येत नाही.

अजून एक गोष्ट, कारण तिच्यावर लोकांचे तासन्‌तास जातात. पन्नासऐवजी चार पायऱ्यांत व्हिडिओ काढून देणाऱ्या झटपट लोरा, म्हणजे मॉडेलला जोडायच्या लहान पुरवण्या, आता सगळे लावतात. त्या लावताना गायडन्स 1 ठेवायचा असतो. वरच्या ओळीत 1 घालून बघा: ‘नको’चा गुणक शून्य होतो. वेग वाढण्याचं एक कारणही तेच, मॉडेल आता पायरीला एकदाच चालतं. यादी खिडकीत लिहिलेली असते, कुणी वाचत नसतं. टेन्सेंटचं हुनयुआन व्हिडिओ हेही मुळातच असं घडवलंय की नेहमीच्या वापरात निगेटिव्हला तिथे जागा नाही. शंका आली तर सीड तोच ठेवून निगेटिव्हच्या जागी ‘केळी, विमान, समुद्र’ असं काहीही लिहावं. व्हिडिओ तंतोतंत तोच आला, तर यादी वाचली जात नाहीये. मग सगळं काम वरच्या प्रॉम्प्टलाच करावं लागतं.

हातांचा शॉट जवळजवळ जमला होता. बोटं पाच होती, सुपाची वीण जागेवर होती. राहिल्या बांगड्या. हात सुपाच्या काठामागे जाऊन पुन्हा वर आला की हिरव्या बांगड्या चाराच्या पाच व्हायच्या. यावर कुठलाच शब्द चालत नाही. काठामागे गेलेल्या बांगड्या मोजून ठेवणारं कुणी त्या यंत्रात नाही, आणि ‘बांगड्यांची संख्या बदलते’ असं वर्णन जगातल्या कुठल्या व्हिडिओखाली असणार? मी मैत्रिणीला म्हटलं, बांगड्याच काढून टाकूया, हात मोकळा असला की प्रश्नच मिटला.

“आणि आजोबांना काय मारू?” ती म्हणाली. गोष्टीच्या शेवटी आजोबा बाजारातून परत येतात.

तेव्हा बांगड्या राहिल्या. मी फ्रेम सुट्या काढून एकेक पाहिल्या. मनगट काठाखाली जायला लागतं ते 53व्या फ्रेमला. 52व्या फ्रेमवर, म्हणजे सव्वातीन सेकंदांवर शॉट कापला, उरलेल्या पावणेदोन सेकंदांना आजीचा चेहरा लावला आणि पुढच्या दृश्याची यादी लिहायला घेतली. त्यात आजोबांची छत्री आहे.